खेळाडूचं किती, संघाचं किती? सामन्याच्या आकड्यांसाठी स्तरबद्ध मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकाच ठिकाणी उत्तरं दिली आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरलं आहे: फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळाडूने एका सामन्यात गोलच्या दिशेने मारलेले शॉट. अ, ब आणि क हे खेळाडू आणि त्यांचे आकडे हिशोब कळावा म्हणून बनवलेले आहेत.

१. एकूण शॉट भागिले मिनिटं, गुणिले ९० केलं की खेळाडू कळतो. मग मॉडेल कशाला?

दर ९० मिनिटांना किती शॉट हा आकडा खरा असतो, पण तो एकट्या खेळाडूचा नसतो. चेंडू सतत आपल्याकडे ठेवणाऱ्या संघातल्या फॉरवर्डला संधी जास्त मिळतात. समोरचा बचाव ढिसाळ असेल तर आणखी जास्त. घरच्या मैदानावर खेळताना थोडी भर पडते. हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. सगळे खेळाडू सगळ्या संघांतून, सगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सारखेच खेळले असते तर साधी सरासरी पुरली असती. तसं कधी होत नाही. त्यात काही जण तीन हजार मिनिटं खेळलेले असतात आणि काही जेमतेम शंभर. मॉडेलला त्यामुळे दोन कामं करावी लागतात. आकड्याचे वाटे पाडायचे, आणि कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं.

२. ‘स्तरबद्ध’ म्हणजे नेमके कोणते स्तर?

सगळ्यात खाली एकेका सामन्यातला एकेका खेळाडूचा आकडा. त्याच्या वर खेळाडू, संघ आणि प्रतिस्पर्धी. या तिघांच्या वर आणखी एक स्तर आहे आणि नवशिके नेमके तिथेच अडखळतात. खेळाडूंची क्षमता आपसात किती पसरलेली आहे, संघांचा परिणाम किती पसरलेला आहे, हे त्या वरच्या स्तरावर ठरतं. हा पसारा आपण बाहेरून सांगत नाही. मॉडेल तो सगळ्या खेळाडूंच्या आकड्यांवरून एकत्रच शिकतं, आणि मग प्रत्येकाचा अंदाज लावताना वापरतं. एका खेळाडूबद्दलच्या अंदाजात बाकीच्या शेकडो खेळाडूंची माहिती येते ती याच वाटेने.

३. सूत्र कसं दिसतं?

```
shots ~ Poisson( (minutes/90) * exp(m + player + team + opp + h*home) )
player ~ Normal(0, s_p)
team   ~ Normal(0, s_t)
opp    ~ Normal(0, s_o)
```

पॉयसन हे मोजणीचे आकडे सरासरीभोवती कसे पसरतात ते सांगणारं वितरण. `m` ही सरासरी पातळी, `h` ही घरच्या मैदानाची भर, आणि `s_p`, `s_t`, `s_o` हे प्रश्न २ मधले वरच्या स्तरावरचे पसारे. `exp` मुळे कंसातली बेरीज प्रत्यक्षात गुणाकार होते. संघाचा परिणाम ०.२६ आला तर त्या संघातल्या फॉरवर्डचे शॉट सुमारे १.३ पट होतात. `opp` चं चिन्ह नीट लक्षात ठेवा. इथे तो जितका मोठा, तितका तो प्रतिस्पर्धी समोरच्यांना जास्त शॉट मारू देतो, म्हणजे बचाव कमकुवत. चिन्हाचा घोळ झाला की सगळ्यात भक्कम बचाव यादीच्या तळाला जातो आणि ते लगेच कुणाच्या लक्षातही येत नाही. मी स्वतः एकदा दोन दिवस उलटी यादी घेऊन बसलो होतो.

४. सॉफ्टवेअर बाजूला ठेवून एकदा हाताने हिशोब करून दाखवाल का?

दाखवतो. पण त्यासाठी संघ आणि प्रतिस्पर्धी यांचे परिणाम आपल्याला आधीच कळले आहेत असं धरू. खऱ्या मॉडेलमध्ये सगळं एकदमच निघतं.

सरासरी संघातला सरासरी फॉरवर्ड पूर्ण सामन्यात २ शॉट मारतो असं समजा. अ आणि ब दोघेही ९०० मिनिटं, म्हणजे दहा पूर्ण सामने खेळले. अ ने ३० शॉट मारले आणि ब ने २४. साध्या सरासरीत अ सरळ पुढे आहे.

आता परिस्थिती पाहू. अ चा संघ १.३ पट शॉट मिळवून देणारा आहे, आणि त्याच्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी थोडे सोपे, १.१ पट. त्या जागी सरासरी फॉरवर्ड असता तर १० × २ × १.३ × १.१, म्हणजे २८.६ शॉट अपेक्षित होते. ब चा संघ ०.८ चा आणि प्रतिस्पर्धी ०.९५ चे. त्याच्याकडून अपेक्षा फक्त १५.२ ची. अ ने अपेक्षेच्या १.०५ पट केलं, तर ब ने १.५८ पट.

पण हे थेट गुणोत्तर अजून कच्चं आहे. समजा क नावाचा बदली खेळाडू सगळा हंगाम मिळून ९० मिनिटं खेळला, सरासरी संघातून, आणि त्यात त्याने ६ शॉट मारले. अपेक्षा २ ची होती, म्हणजे तो तिप्पट! तो ब च्या दुप्पट चांगला आहे का? इथे वरचा स्तर कामाला येतो. खेळाडूंची क्षमता १ च्या आसपास साधारण ०.३ ने पसरलेली आहे असं मॉडेलला दिसलं असेल, तर हिशोब असा होतो की प्रत्येकाच्या खात्यात, तो मैदानात उतरण्याआधीच, ११ अपेक्षित आणि ११ मारलेले शॉट जमा करायचे. हा ११ आला १ भागिले ०.३ चा वर्ग यातून.

अ चे झाले (३० + ११) / (२८.६ + ११) = १.०४. ब चे (२४ + ११) / (१५.२ + ११) = १.३४. आणि क चे (६ + ११) / (२ + ११) = १.३१.

अ जवळजवळ सरासरी निघाला. क चं तिप्पट १.३१ वर उतरलं, कारण खात्यातल्या ११ समोर त्याचा स्वतःचा पुरावा २ चाच होता. ब च्या बाबतीत मैदानावरचा पुरावा त्या ११ पेक्षा जास्त होता, म्हणून तो कमी खेचला गेला. क बद्दलची खरी गोम प्रश्न ११ मध्ये आहे.

५. सहा शॉट त्याने खरोखर मारलेत. त्याला सरासरीकडे खेचणं हा अन्याय नाही का?

झालेल्या गोष्टीचं बक्षीस द्यायचं असेल तर खेचू नका, सहाला सहाच म्हणा. पण पुढे काय होईल हा प्रश्न असेल, तर खेचलेला आकडा एकूण सगळ्या खेळाडूंचा मिळून कमी चुकतो. याचं प्रसिद्ध उदाहरण बेसबॉलमधलं आहे. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या हंगामातल्या १८ फलंदाजांची पहिल्या ४५ संधींमधली कामगिरी घेतली. रॉबर्टो क्लेमेंटे तेव्हा ४५ पैकी १८ वेळा यशस्वी, म्हणजे ०.४०० वर होता. अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५ च्या आसपास होती. उरलेल्या हंगामात क्लेमेंटे ०.३४६ वर आला. तो उत्तम होताच, पण ०.४०० इतका नव्हता. गंमत म्हणजे खेचलेला अंदाज त्याच्यासाठी ०.२९४ होता, म्हणजे फाजील खेचला गेला. अठरा जणांचा मिळून हिशोब मात्र खेचल्यामुळे बराच सुधारला. खरोखरच असामान्य असलेल्या एखाद्यावर ही पद्धत थोडा अन्याय करते, हे मान्यच करायला हवं.

६. खेळाडू कधीच संघ सोडत नसेल, तर त्याचं आणि संघाचं वेगळं कसं करणार?

पत्रांमधला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. सरळ उत्तर: आकडे ते वेगळं करू शकत नाहीत, प्रायर करतो, म्हणजे परिणाम किती मोठे असू शकतात याबद्दलचं मॉडेलमधलं गृहीत.

एका संघात चार फॉरवर्ड आहेत, चौघेही वर्षानुवर्षं तिथेच, आणि चौघांचेही शॉट सरासरीपेक्षा सुमारे २८ टक्के जास्त आहेत. लॉगमध्ये हा फरक ०.२५. संघ चांगला आहे आणि हे चौघे साधे, की संघ साधा आहे आणि योगायोगाने चारही फॉरवर्ड चांगले? दोन्हीतून आकडे सारखेच येतात. सामने दुप्पट झाले तरी यात फरक पडत नाही.

अशा वेळी मॉडेल वाटणी करतं ती विचरणांच्या, म्हणजे पसाऱ्यांच्या वर्गांच्या प्रमाणात. खेळाडूंचा पसारा ०.३ आणि संघांचा ०.२ आहे असं धरा. चार खेळाडूंच्या सरासरीचं विचरण ०.०९ भागिले ४, म्हणजे ०.०२२५. संघाचं ०.०४. दोन्हींची बेरीज ०.०६२५. त्यातला ६४ टक्के भाग संघाच्या खात्यात जातो आणि ३६ टक्के खेळाडूंच्या. ०.२५ पैकी ०.१६ संघाला, ०.०९ चौघांपैकी प्रत्येकाला. यामागचा तर्क साधा आहे: चार जण एकाच वेळी एकाच दिशेने चांगले निघण्यापेक्षा एका संघाचा परिणाम जास्त संभवतो. पण हा तर्कच आहे, निरीक्षण नव्हे.

निरीक्षण मिळतं ते कुणीतरी संघ बदलतो तेव्हा. एक फॉरवर्ड त्या संघातून दुसऱ्या संघात गेला आणि त्याचे शॉट घसरले, तर दोन्ही संघांमधल्या फरकाबद्दल पुरावा मिळाला, आणि त्याच्या जुन्या सोबत्यांचे आकडेही त्या एका बदलीने हलतात. म्हणून मॉडेल चालवण्याआधी एक काम करा. प्रत्येक संघ एक ठिपका धरा, आणि दोन्हीकडून खेळलेला खेळाडू म्हणजे त्यांना जोडणारी रेघ. जो संघ किंवा संघांचा गट बाकीच्यांपासून तुटलेला दिसेल, तिथल्या खेळाडूंची बाहेरच्यांशी तुलना केवळ प्रायरवर उभी आहे. दोन वेगळ्या लीग एकाच यादीत घालणाऱ्यांनी हे चित्र आधी काढावं.

प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण लीगमध्ये प्रत्येक जण सगळ्यांविरुद्ध खेळतो.

७. संघाच्या आकड्यात तो खेळाडू स्वतःही असतो. मग त्याचं श्रेय दोनदा मोजलं जात नाही का?

संघाची सरासरी आधी वेगळी काढून मग ती मॉडेलमध्ये घुसवलीत, तर नक्कीच गोंधळ होतो. चांगल्या खेळाडूमुळे संघाची सरासरी वाढते, आणि तीच वाढलेली सरासरी पुन्हा त्याच्या श्रेयातून वजा होते. सूत्र ३ मध्ये संघाचा परिणाम अज्ञात आहे आणि खेळाडूच्या परिणामाबरोबर एकत्र निघतो, त्यामुळे दोनदा मोजणं होत नाही. वाटणी धूसर राहते ती प्रश्न ६ मधल्या कारणाने.

८. कोडमध्ये किती ओळी लागतात?

R मध्ये `lme4` वापरलं तर एवढंच:

```r
glmer(shots ~ position + home +
        (1|player) + (1|team_season) + (1|opp_season) +
        offset(log(minutes/90)),
      family = poisson, data = d)
```

शून्य मिनिटांच्या नोंदी आधी काढून टाका, नाहीतर `log(0)` वर अडकाल. संघासाठी `team_season` घेतला आहे, कारण प्रशिक्षक आणि अर्धे खेळाडू बदलल्यावर तो संघ नावापुरताच तोच राहतो.

`boundary (singular) fit` असा संदेश आला तर बहुधा संघांचा पसारा थेट शून्य निघालेला असतो. याचा अर्थ संघाचा परिणाम नाही असा नव्हे. दहा-बारा संघांवरून पसाऱ्याचा अंदाज करताना शून्य हे टोकाचं उत्तर सहज येतं, आणि मग संघाचं सगळं श्रेय गुपचूप खेळाडूंच्या खात्यात जातं. अशा वेळी मी `brms` या R मधल्याच बेजियन पॅकेजकडे वळतो. सूत्र जवळपास तेच राहतं, फक्त पसाऱ्यांवर प्रायर द्यायचा. लॉगमध्ये साधारण ०.३ च्या आसपासचा अर्धा नॉर्मल मला पुरतो. `brms` ज्यावर चालतं त्या स्टॅनमध्ये स्वतः मॉडेल लिहीत असाल आणि हिशोब नीट होत नसल्याचे ‘डायव्हर्जंट’ इशारे येत असतील, तर खेळाडूचा परिणाम पसारा गुणिले प्रमाणित नॉर्मल असा फोडून लिहा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

९. बचावपटू आणि फॉरवर्ड एकाच मॉडेलमध्ये चालतील का?

चालतील, पण प्रत्येकाला आपापल्या जागेच्या सरासरीकडे खेचायला हवं. वरच्या कोडमधला `position` त्यासाठीच आहे. तो नसला तर कमी खेळलेला बचावपटू सगळ्यांच्या सरासरीकडे ओढला जाऊन चांगला शॉट मारणारा वाटू लागतो, आणि खेळाडूंचा पसाराही फुगतो. मग खरे फॉरवर्ड पुरेसे खेचले जात नाहीत.

१०. संघ आघाडीवर असेल तर खेळ बदलतो, कुणाला लाल कार्ड मिळालं तरी बदलतो. मॉडेलला हे कळतं का?

सूत्र ३ ला कळत नाही. आघाडी घेतलेले संघ अनेकदा मागे सरकतात आणि शॉट मारण्याचं प्रमाण बदलतं. त्यामुळे नेहमी जिंकणाऱ्या संघाचा परिणाम थोडा कमी दिसू शकतो. वेळेनिशी नोंदी असतील तर सामन्याचे तुकडे करा. गुणफलक बदलला, कुणी आत-बाहेर झालं किंवा कार्ड मिळालं की नवा तुकडा सुरू, आणि त्या तुकड्यातली मिनिटं `offset` मध्ये. नोंदी नसतील तर आघाडीची उणीव भरून काढायची एखादी हुशार युक्ती शोधत बसू नका. ही उणीव निकालासोबत लिहून टाका.

आणखी एक मर्यादा मला याहून जास्त सतावते. शॉट ही वाटणीची गोष्ट आहे. एक जण प्रत्येक चेंडूवर पाय टाकत असेल तर बाजूच्याचे शॉट कमी होतात, आणि मॉडेल त्याला बाजूच्याची कमी क्षमता समजतं. इथे ‘क्षमता’ म्हणजे शॉटपर्यंत पोहोचण्याचा कल एवढंच. शॉट चांगला होता का, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

११. कमी खेळलेल्यांना सरासरीकडे खेचलं की प्रश्न मिटला ना?

नाही, आणि ही फसवणूक बरेच दिवस लपून राहते. सरासरीकडे खेचण्यामागे एक गृहीत आहे: कमी मिनिटं मिळणं आणि क्षमता यांचा संबंध नाही. प्रत्यक्षात प्रशिक्षक रोज सराव पाहतो आणि ज्याच्यावर भरवसा नाही त्याला बाकावर बसवतो. बाकावरच्यांची खरी सरासरी बहुधा १ पेक्षा खाली असते. म्हणून प्रश्न ४ मधल्या क चं १.३१ सुद्धा कदाचित जास्तच आहे.

याची खूण अशी: ज्यांची मिनिटं अगदी कमी होती त्यांचे अंदाज पुढच्या हंगामाशी ताडून पाहा. ते जवळजवळ सगळे प्रत्यक्षापेक्षा वर निघाले, तर हेच चाललं आहे. उपाय म्हणून हंगामातल्या उपलब्ध मिनिटांपैकी किती मिळाली याचा लॉग खेळाडूच्या स्तरावर घाला. मग कमी खेळलेला खेळाडू सगळ्यांच्या नव्हे, तर त्याच्यासारख्यांच्या सरासरीकडे खेचला जातो. दुखापतीमुळे बाहेर बसलेल्यांची मिनिटं मात्र ‘उपलब्ध’ मधून वगळा. त्यांना प्रशिक्षकाने नाकारलेलं नाही.

१२. पॉयसन बसतंय की नाही, कसं ओळखायचं?

बसवलेल्या मॉडेलमधून खोटे सामने तयार करा आणि खऱ्यांशी ताडून पाहा. ज्यांच्याकडून पूर्ण सामन्यात २ शॉट अपेक्षित होते, त्यांच्यात पॉयसननुसार सुमारे १३.५ टक्के वेळा शून्य यायला हवं आणि सहा किंवा जास्त २ टक्क्यांहून कमी वेळा. दोन्ही टोकं खऱ्या आकड्यांत ठळकपणे जास्त असतील तर पॉयसनपेक्षा जास्त पसारा चालणारं ऋण द्विपद वितरण घ्या. फक्त शून्यंच जास्त असतील तर आधी नोंदी तपासा. अनेकदा पाच मिनिटं खेळलेल्याच्या नावावर ९० मिनिटं लागलेली असतात.

१३. मग ब हा क पेक्षा वर, असं यादीत लिहू ना?

क्रम लिहा, पण अनिश्चितता सोडून नको. प्रश्न ४ च्या हिशोबात ब चा अंदाज १.३४ आहे, प्रमाण विचलन ०.२३ च्या आसपास. क चा १.३१, प्रमाण विचलन ०.३२. ब खरोखर क पेक्षा चांगला असण्याची शक्यता जेमतेम ५३ टक्के निघते. हे नाणं उडवण्याइतकंच झालं. ब आणि अ यांच्यात मात्र ती सुमारे ८६ टक्के आहे, आणि तीही संघाचे परिणाम अचूक माहीत आहेत असं धरून. खऱ्या मॉडेलमध्ये ती थोडी उतरते. अशा जोडीजोडीच्या शक्यता वाचकाला एका क्रमांकापेक्षा जास्त सांगतात.

१४. मॉडेल चांगलं आहे याची परीक्षा कोणती?

अर्धा हंगाम शिकवायला आणि अर्धा तपासायला, ही पहिली परीक्षा. पण ती सोपी आहे. खेळाडू त्याच संघात राहिला तर खेळाडू आणि संघ यांची वाटणी चुकली तरी बेरीज बरोबर येते आणि मॉडेल पास होतं. खरी कसोटी संघ बदललेल्यांची. बदलाआधीच्या आकड्यांवरून नव्या संघातल्या शॉटचा अंदाज करा, आणि तो साध्या दर-९०-मिनिटांच्या सरासरीशी ताडून पाहा. तिथेही मॉडेल वरचढ ठरलं नाही तर वाटणी चुकली आहे. एक सावधगिरी: संघ बदलणारे खेळाडू यादृच्छिक निवडलेले नसतात. नुकताच जोरदार हंगाम गेलेल्यांना मागणी असते, त्यामुळे त्यांची थोडी घसरण कुठल्याही संघात झालीच असती.

१५. क्रिकेटला हेच मॉडेल लावता येईल का?

सांगाडा तोच, पण पॉयसन नाही. डावातल्या धावा पॉयसनसारख्या वागत नाहीत, आणि नाबाद राहिलेल्याचा डाव अर्धवट तुटलेला असतो. चेंडू हे एकक धरलं तर दोन्ही अडचणी टळतात. प्रतिस्पर्धी संघाऐवजी समोरचा गोलंदाज आणि त्याच्याबरोबर मैदान हे स्तर येतात. संघाचा परिणाम मात्र तिथे बराच लहान निघेल असा माझा अंदाज आहे, कारण फलंदाजाला त्याचा चेंडू सोबती देत नाहीत, समोरचा गोलंदाज देतो.